शेरा गोड की खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे

दर वर्षी एप्रिल उजाडला की शिक्षकांमध्ये आणि पालकांमध्ये एकच वाद नव्याने सुरू होतो. प्रगतीपुस्तकातला शेरा कसा असावा? एक बाजू म्हणते, लहान मुलाच्या मनावर ओरखडा उमटेल असं काही लिहूच नका, चार चांगले शब्द लिहा. दुसरी बाजू म्हणते, या गोडगोड शेऱ्यांनीच घात केला, मूल आठवीत पोचतं तरी त्याला भागाकार येत नाही आणि हे घरी कोणी सांगितलेलं नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, तेव्हापासून दुसऱ्या बाजूचा आवाज चढला आहे. मी तिसरी-चौथीचे वर्ग अनेक वर्षं शिकवले आहेत आणि या दोन्ही बाजूंनी शेरे लिहून झाले आहेत. माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. आपले शेरे पोकळ आहेत, कारण ते मुलाच्या तपासलेल्या कार्यपत्रिका न उघडता लिहिले जातात. पत्रिका उघडून त्यातली चूक नेमकी सांगितली, तर तोच शेरा खराही होतो आणि उभारी देणाराही. त्यासाठी शब्दांत साखर घालावी लागत नाही की तिखट.

आपण इथवर आलो कसे, ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक म्हणजे वर्षभराच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाला ७० गुण आणि संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ३०, आणि वरच्या वर्गांत हे प्रमाण हळूहळू उलटत जातं. गुणांवरून अ-१, ब-२ अशी श्रेणी. आणि श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंद : विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. मूल एका आकड्यात मावत नाही हे शासनाने कागदावर मान्य केलं होतं. पण दोन-चार वर्षांतच या नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. विषयवार, इयत्तावार, प्रत्येक रकान्यासाठी पन्नास-पन्नास वाक्यं. आज त्या प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमध्ये आहेत. 'वजाबाकीची क्रिया समजून घेतो.' 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' 'गणिती क्रियांचा सराव आवश्यक.' चौतीस मुलं, चौतीस नोंदी, आणि त्यातलं एकही वाक्य त्या मुलाकडे बघून लिहिलेलं नाही.

यात शिक्षकांचा आळस शोधणाऱ्यांना मी इतिहासातलं एक उदाहरण देईन. इंग्लंडमध्ये १८६२ साली एक नवी नियमावली आली. शाळेचं अनुदान मुलांच्या निकालावर ठरायचं. निरीक्षक वर्षातून एकदा यायचा, एकेका मुलाकडून वाचून घ्यायचा, लिहून घ्यायचा, गणितं करून घ्यायचा, आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने पैसे मिळायचे. झालं काय? मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करू लागली. निरीक्षकासमोर ती घडाघडा वाचायची आणि अनोळखी पान दिलं की अडायची. मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होता. या पद्धतीने शिकवणं यांत्रिक होतं, हे तो आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, तरी ती पद्धत जायला तीसेक वर्षं लागली. आपल्या वर्णनात्मक नोंदींचंही हेच झालं आहे. नोंद कोण वाचतो? केंद्रप्रमुख वाचतात, तपासणीचं पथक वाचतं. त्यांना रकाना भरलेला हवा असतो. कार्यालयात आपण कागदावर शेरा मारतो तो प्रकरण निकाली काढायला. शाळेतला शेराही त्याच हाताने लिहिला जाऊ लागला, आणि मुलाचं प्रकरण तिथेच मिटलं.

आता तपासलेली कार्यपत्रिका उघडली की काय दिसतं, ते एका उदाहरणाने सांगते. तिसरीचा वर्ग, दोन अंकी वजाबाकीची दहा उदाहरणं, पाच बिनहातच्याची आणि पाच हातच्याची, सरमिसळ मांडलेली. माझ्या वर्गातल्या तीन मुलांना दहापैकी पाच गुण मिळाले होते. गुणपत्रकात तिघांपुढे सारखाच आकडा. पूर्वी मी तिघांनाही एकच वाक्य लिहिलं असतं : 'वजाबाकीचा सराव आवश्यक.'

पहिल्या मुलीची पाचही चुकलेली उदाहरणं हातच्याची होती. ५२ − २७ चं उत्तर तिने ३५ लिहिलं होतं, ६४ − ३८ चं ३४, ४३ − १५ चं ३२. दुसऱ्या मुलाचीही हातच्याचीच पाच चुकली होती आणि ५२ − २७ चं उत्तर त्याचंही ३५. पण ६४ − ३८ चं त्याचं उत्तर होतं ३६, आणि ४३ − १५ चं ३८. दोघांच्या पत्रिका शेजारी ठेवून बघा. मुलगी प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो वर असो की खाली. चारातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून चार काढते आणि मोकळी होते. मुलाला हातचा घेता येतो. चाराचे चौदा करून तो आठ काढतो, सहा बरोबर लिहितो, पण सहा दशकांतला एक आपण सुटा केला होता हे विसरून सहातूनच तीन वजा करतो. म्हणून त्याची प्रत्येक चूक बरोबर दहाने जास्त येते : २६ च्या जागी ३६, २८ च्या जागी ३८. आणि ५२ − २७ मध्ये दोघांचं उत्तर सारखं आलं, तो अंकांचा योगायोग आहे. सातातून दोन गेले तरी पाच, बारातून सात गेले तरी पाच. ते एकच उदाहरण पाहिलं असतं तर दोघांना एकच चूक चिकटवली असती. एककांच्या अंकांत पाचाचा फरक असला की या दोन चुका वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून पत्रिका काढतानाच दोन-तीन उदाहरणं निराळ्या फरकाची घालावी लागतात.

तिसऱ्या मुलाची पहिली पाच उदाहरणं अचूक होती, त्यात हातच्याची तीन. पुढची पाच कोरी. पान उलटलं तर मागे बारीक रेघांची रांगच रांग. तो प्रत्येक उदाहरणासाठी रेघा मारत होता, खोडत होता आणि उरलेल्या मोजत होता. त्याला वजाबाकी पक्की समजली होती, फक्त चौदातून आठ गेले की सहा हे अजून तोंडी येत नव्हतं.

आता या तिघांना 'सराव आवश्यक' हा शेरा दिला, तर काय होईल? पहिल्या मुलीची आई तिला घरी बसवून पन्नास वजाबाक्या करायला लावेल. ती पन्नासही आपल्याच रीतीने करेल आणि ती रीत हाताला घट्ट बसेल. ज्या मुलाची पद्धत चुकलेली आहे, त्याला सराव करायला सांगणं म्हणजे चुकीचा सराव करायला सांगणं. सौम्य, निरुपद्रवी वाटणारं ते वाक्य मुलीचं थेट नुकसान करतं. मुलांच्या अशा चुका वरवर दिसतात तशा बेशिस्त नसतात, हे अमेरिकेतल्या ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच वजाबाकीच्याच उत्तरांवरून दाखवलं होतं. मूल बऱ्याचदा एक नियम पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. तो नियम सापडला की शेरा आपोआप सुचतो.

तिघांना मी शेवटी लिहिलेले शेरे असे होते. मुलीला : 'हातचा नसलेली वजाबाकी अचूक करते. वरचा अंक लहान असला की अंकांची अदलाबदल करते, जसे ६४ − ३८ = ३४. शाळेत दहा काड्यांची जुडी सोडवून वजाबाकी करत आहोत, घरीही तशीच करावी.' दुसऱ्याला : 'हातचा घेऊन एककांची वजाबाकी बरोबर करतो. सुटा केलेला दशक नंतर कमी करायचा राहतो, म्हणून उत्तर दहाने जास्त येते. उरलेले दशक वर लिहून ठेवण्याची सवय लावत आहोत.' तिसऱ्याला : 'हातच्याची वजाबाकी समजली आहे, सोडवलेले प्रत्येक उदाहरण बरोबर असते. रेघा मोजण्यात वेळ जातो. वीसपर्यंतच्या वजाबाक्या रोज पाच-पाच तोंडी विचाराव्यात.' प्रत्येक शेऱ्यात तीन गोष्टी आहेत. काय येतं, नेमकं कुठे अडतं, आणि ती अडचण सोडवायला आता काय चाललं आहे. यात कुठे कौतुकाचा आव नाही. तरी दुसऱ्या मुलाला त्याचा शेरा वाचून दाखवला तेव्हा तो चटकन म्हणाला, "म्हणजे माझं थोडंच चुकतंय!" त्याला पाच गुणांनी जे कळलं नव्हतं, ते एका वाक्याने कळलं.

मुलांचा उत्साह टिकवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शेरा हा काही खासगी कागद नसतो. तो घरी जातो, काका वाचतात, शेजारीण वाचते. अनेक घरांत आई-वडिलांना वाचता येत नाही आणि थोरला भाऊ मोठ्याने वाचून दाखवतो, आपल्या पदरची भर घालून. 'गणितात कच्चा' असं लिहिलेल्या पुस्तकाने मुलाला मार बसतो, हे मी पाहिलं आहे. दुसरी गोष्ट, शेरा टिकतो. तिसरीत कोणी 'मंद' म्हटलं तर चौथीच्या बाईंना ते मूल वर्गात पाऊल ठेवण्याआधीच मंद दिसायला लागतं. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून काय निष्पन्न होतं? मुलाला विशेषण लावू नये, एवढंच. कच्चा, आळशी, चंचल, धांदरट ही सगळी विशेषणं मुलाला चिकटतात, आणि त्यांच्यावर उपाय करायला घरच्यांच्या हाती मार सोडून काही उरत नाही. 'सुटा केलेला दशक कमी करायचा राहतो' हे वाक्य मुलाला चिकटत नाही, ते त्याच्या कामाला चिकटतं, आणि काम दुरुस्त झालं की गळून पडतं. त्यावरून कोणाला मारायचं म्हटलं तरी मारता येत नाही. 'हुशार आहे' हेही मी याच कारणाने लिहीत नाही. ते विशेषणच आहे, आणि पहिलं अवघड उदाहरण समोर आलं की त्याच मुलाच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं.

कमकुवत बाजू लपवायची मात्र नाही, आणि इथे मी कडक सूर लावणाऱ्यांच्या बाजूची आहे. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या 'असर' या देशव्यापी शैक्षणिक पाहणीच्या अहवालांत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नव्हता. यातल्या किती घरांत हे प्रगतीपुस्तकातून कळलं असेल? आई-वडील दिवसभर मजुरीला जातात, पुस्तकात 'प्रगती समाधानकारक' दिसतं, त्यांचा विश्वास बसतो. आणि हा विश्वास गरिबाचाच जास्त बसतो. शिकलेले पालक घरी वही उघडून स्वतः बघतात, शिकवणी लावतात. ज्यांच्याकडे आपल्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही, त्यांच्याशीच आपण गुळमुळीत बोलतो. यात दया कुठली? फक्त कडक बाजूचं निदान मला पटत नाही. त्यांना वाटतं लाल शाई आणि नापासाचा शिक्का आला की सत्य आलं. 'ड' श्रेणी किंवा ३३ गुण हे तरी काय सांगतात? माझ्या तिन्ही मुलांना पाचच गुण होते. गुण खोटे नव्हते, पण कोणाचं काय अडलं आहे याबद्दल ते काहीच बोलत नव्हते. वार्षिक परीक्षा परत आल्याने मूल अडलं आहे हे मे महिन्यात अधिक ठसठशीत आकड्यात कळेल, इतकंच. ते का अडलं, हे ऑगस्टच्या कार्यपत्रिकेतच लिहिलेलं होतं.

या दोन्ही बाजूंनी रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास लक्षात घ्यावा. इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला कामाबद्दल फक्त शेरे दिले, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या गटाचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काही उपयोग झाला नाही, त्यांची गत फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसला की डोळा तिथेच थांबतो. आपल्या प्रगतीपुस्तकात श्रेणी आणि नोंद एकाच पानावर असते आणि श्रेणी देणं बंधनकारक आहे, ती मी काढू शकत नाही. म्हणून मी क्रम बदलला. पुस्तक वाटण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक मुलाला त्याचा शेरा त्याच्या पत्रिकेसह तोंडी सांगते. श्रेणी नंतर.

वेळेचं काय, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून उपदेश करणाऱ्यांबद्दल मलाही राग येतो. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं काम, आणि त्यात दोन वर्ग एकत्र. चौतीस मुलांच्या सगळ्या विषयांच्या सगळ्या पत्रिका एप्रिलमध्ये उघडायच्या म्हटलं तर आठवडा जाईल, आणि म्हणूनच माणूस यादीकडे वळतो. पण एप्रिलमध्ये काहीच उघडायचं नसतं. पत्रिका तपासतो तेव्हाच, हातात लाल पेन असताना, त्यांचे ढीग करायचे. गुणांचे नव्हेत, चुकांचे. वजाबाकीच्या त्या पत्रिकेचे माझ्याकडे पाच ढीग झाले : सगळं बरोबर, अदलाबदल करणारे, दशक विसरणारे, फक्त शून्याशी अडणारे, आणि ज्यांचं काहीच कळत नाही असे. चौतीस पत्रिकांना पंचवीस मिनिटं पुरली. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान आहे, त्यावर तारीख आणि एक ओळ : '६४ − ३८ = ३६, दशक कमी करत नाही.' उत्तर जसंच्या तसं उतरवायचं, कारण तीन महिन्यांनी आपला निष्कर्ष आठवत नाही, पण मुलाचं उत्तर पाहिलं की सगळं परत दिसतं. एका पत्रिकेत एकदा झालेली चूक मी शेऱ्यात घेत नाही. ती घाईही असू शकते. तीच चूक तीन ठिकाणी आली, तर ती पद्धत आहे. असं पान तयार असलं की सत्राच्या शेवटी एका मुलाच्या एका विषयाच्या शेऱ्याला दोन मिनिटं लागतात. मी सगळ्या विषयांना असा शेरा लिहीत नाही. भाषा आणि गणित नीट लिहिते, बाकीच्यांना थोडक्यात. चौतीस पोकळ नोंदी सहा विषयांत भरण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

त्या पाचव्या ढिगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कागद सगळं सांगत नाही. शेजारी बसणाऱ्या दोघांची चुकीची उत्तरंही तंतोतंत जुळली, तर एकाने दुसऱ्याचं पाहिलं आहे. घरी केलेल्या पत्रिकेत अक्षर मध्येच बदललं, तर ताईने सोडवली आहे. या पत्रिका शेऱ्यासाठी बाजूला ठेवायच्या. ज्या मुलाचं काहीच कळत नाही त्याला जवळ बोलावून एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगायचं. एक मिनिट लागतं. शाब्दिक उदाहरणात तर हे केल्याशिवाय शेरा लिहूच नये. 'सीताकडे ३२ मणी, गीताकडे १८. सीताकडे किती जास्त?' याचं उत्तर एका मुलीने ५० लिहिलं होतं. मी वजाबाकीत खूण करणार होते. तिला वाचायला सांगितलं तर कळलं, 'जास्त' शब्द दिसला की मिळवायचं असं तिने मनाशी धरलं होतं. तिची वजाबाकी उत्तम होती, अडत होतं ते वाक्य.

भाषेच्या पत्रिकेत आपण याहून मोठा अन्याय करतो. तिथला ठरलेला शेरा म्हणजे 'लेखन अशुद्ध' किंवा 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे'. एका मुलाने पावसाळ्यावर सात ओळी लिहिल्या होत्या. 'आमी नदीवर गेलतो. पानी लय व्हतं. म्हस आडली मग बा पान्यात उतरला.' मी त्या पानावर बारा लाल गोल केले होते. तपासून झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, की वर्गात घटना क्रमाने सांगणारा, म्हैस आणि बाप डोळ्यांपुढे उभा करणारा हा एकटाच मुलगा आहे. बाकीच्यांनी 'पाऊस मला खूप आवडतो' लिहून पान भरलं होतं. आणि बारा गोलांचे ढीग केले तर उरल्या दोनच गोष्टी : न-ण, आणि बोलीतली रूपं. त्यातली पहिली सरावाने सुधारायची आहे. दुसरी चूकच नाही, ती त्याच्या घरची भाषा आहे आणि तिच्याशेजारी पुस्तकातली भाषा ठेवायची आहे. त्याला लिहिलं : 'पाहिलेला प्रसंग क्रमाने आणि बारकाईने लिहितो. न आणि ण यांत गल्लत होते, पाणी, म्हणून, कोण या शब्दांपासून सुरुवात केली आहे. घरच्या बोलीतले वाक्य पुस्तकी भाषेत पुन्हा लिहिण्याचा सराव करतो.' 'अशुद्ध' या शब्दाने त्या मुलाला काय सांगितलं असतं? न-ण तर नक्कीच नाही. त्याच्या बापाची भाषा विटाळलेली आहे, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं असतं.

सगळ्यात कठीण प्रसंग उरतो तो ज्या मुलाची प्रगती जवळजवळ नाहीच त्याचा. तिसरीतलं मूल अजून जोडाक्षरं वाचत नाही. इथे दोन्ही बाजू आपापलं हत्यार उपसतात, एक म्हणते काहीतरी चांगलं शोधा, 'हस्ताक्षर सुंदर आहे' लिहा, दुसरी म्हणते 'वाचता येत नाही' असं लिहून मोकळे व्हा. मी जूनची पत्रिका काढते आणि आताची तिच्याशेजारी ठेवते. जूनमध्ये तो काना असलेले शब्द वाचत होता, आता वेलांटी-उकाराचे वाचतो. जोडाक्षराशी थांबतो. हे जसंच्या तसं लिहायचं, आणि पुढे हेही लिहायचं की इयत्तेच्या मानाने तो मागे आहे आणि रोज पंधरा मिनिटं वेगळं वाचन सुरू आहे. 'मागे आहे' हे शब्द मी टाळत नाही. मात्र ते घरच्यांना पहिल्यांदा प्रगतीपुस्तकातून कळता कामा नयेत. आधी बोलावून, पत्रिका समोर ठेवून सांगायचे, म्हणजे पुस्तकात ते नुसती आठवण म्हणून उरतात. आणि जूनपासून खरोखरच काही हललं नसेल, तर ते लपवायला वाक्य शोधत बसू नये. तो शेरा मुलाबद्दल नसतो, आपल्या शिकवण्याबद्दल असतो, आणि उपाय बदलायला हवा हे लिहिण्याची हिंमत शिक्षकाने दाखवायला हवी.

दशक विसरणाऱ्या त्या मुलाच्या आईला सभेत मी त्याची पत्रिका दाखवली. त्या बाजारात भाजी विकतात, शाळा चौथीत सुटलेली. शेरा वाचून दाखवला, तर त्यांना 'सुटा केलेला दशक' काही कळेना. मग ६४ − ३८ वर बोट ठेवून मी म्हटलं, तुमच्याकडे दहाच्या सहा नोटा आणि चार सुटे रुपये आहेत, अडतीस द्यायचे आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "आठ सुटे न्हाईत, एक नोट मोडली." मग मुलाचं उत्तर पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "आरं, मोडल्याली नोट परत कशी मोजतुयास? ती गेली न्हवं?" मुलाने पत्रिका ओढून घेतली, सहा खोडून वर पाच लिहिले. त्याच्या प्रगतीपुस्तकात शेऱ्याच्या शेवटच्या ओळीत मी मग एवढंच वाढवलं : 'आईसोबत नोट मोडून वजाबाकी करतो.'